अंतरांची सरासरी कुठे फसते: एका प्रतिक्रियेला उत्तर

"हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरांची सरासरी फसवते हे तुमचं म्हणणं पटलं नाही. मिनिटाचे ६०००० मिलिसेकंद भागिले सरासरी अंतर म्हणजे सरळ एकूण ठोके भागिले एकूण वेळ. यात फसण्यासारखं काय आहे?"

बीजगणित चोख आहे, पण ते लागू पडतं प्रत्येक ठोक्याचं अंतर हाताशी असेल आणि मधला एकही ठोका गळला नसेल तेव्हाच.

समजा, एक मिनिट स्वस्थ बसलात, अंतर १००० मिलिसेकंद. पुढचं मिनिट जिना चढलात, अंतर ५००. (हृदय असं एका क्षणात बदलत नाही, पण हिशेब सोपा राहतो.) पहिल्या मिनिटात ६० ठोके, दुसऱ्यात १२०, म्हणजे मिनिटाला सरासरी ९०. सगळी १८० अंतरं घेतलीत तर सरासरी ६६६.७ आणि उत्तर ९०च. इथवर तुमचं बरोबर. पण उपकरण दर मिनिटाचं एकच सरासरी अंतर साठवत असेल, तर तुमच्याकडे १००० आणि ५०० एवढेच आकडे उरतात. त्यांची सरासरी ७५०, आणि उत्तर ८०! जलद मिनिटात ठोके दुप्पट होते, तरी त्याला संथ मिनिटाइतकंच वजन मिळालं. अशा नोंदीत आधी प्रत्येक मिनिटाचा दर काढायचा, ६० आणि १२०, आणि मग सरासरी घ्यायची.

मात्र हाच उपाय एकेका ठोक्याला लावू नका. १८० अंतरांचे १८० दर काढून सरासरी घेतली तर १०० येतात, कारण त्या यादीत जलद ठोके संख्येनेच जास्त आहेत.

दुसरी अडचण गळलेल्या ठोक्याची. ठोके टिपणारा छातीवरचा पट्टा सैल झाला आणि नोंद अशी आली: ८००, ८००, १६००, ८००, ८००. सरासरी ९६०, दर ६२.५. खरा दर ७५ आहे. १६०० हे शेजारच्या अंतरांच्या जवळपास दुप्पट आहे, यावरून मधला ठोका निसटला असं ओळखता येतं. ते अंतर वगळा, किंवा त्याचे दोन ८०० करा, आणि मग

```
BPM = 60000 * n / sum(RR)
```

यात `BPM` म्हणजे मिनिटाला ठोके, `n` म्हणजे हिशेबात घेतलेल्या अंतरांची संख्या, `RR` म्हणजे ती अंतरं, मिलिसेकंदांत.

फक्त लांब अंतर दिसलं की उडवून टाकायचं, असा सरसकट नियम करू नका. ८००, ५००, ११००, ८०० ही नोंद पाहा. इथे एक ठोका वेळेआधी पडला आणि त्यामागून लांब विराम आला. ५०० आणि ११०० मिळून १६००, म्हणजे दोन ठोक्यांचा वेळ पुरता भरतो, काहीच गळलेलं नाही. चारही अंतरं ठेवली तर ७५ येतात. ११०० तेवढं काढलंत तर उरलेल्या तिघांची सरासरी ७०० होते आणि दर थेट ८६ च्या घरात जातो. म्हणून लांब अंतर खटकलं की त्याच्या आधीचं अंतर नेहमीपेक्षा आखूड आहे का ते बघा. असेल तर दोन्ही ठेवा.