परदेशातून: क्लबच्या तारखा आणि अधिक महिना

"गेल्या वर्षी २१ सप्टेंबरला टुर्नामेंट झाली, छान झाली, यंदा २०ला ठेवूया का? तोच रविवार आहे."

आमच्या साताऱ्याच्या बुद्धिबळ क्लबच्या ग्रुपवरचा हा मेसेज मी इथे इंग्लंडात लेस्टरला सकाळी वाचला आणि डोकंच फिरलं. अरे, २०२६ मध्ये २० सप्टेंबर म्हणजे ऐन गणपती! चतुर्थी १४ला, अनंत चतुर्दशी २५ला, मुलं खेळायला येणार कुठून?

एकाने लगेच लिहिलं की सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात, म्हणजे गणपती ऑगस्टातच संपतील. अर्धं खरं आहे, पण यंदा मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे पुढचं सगळं अलीकडे यायच्या ऐवजी जवळपास तीन आठवडे लांबलं. देशमुखकाकांना ते तोंडपाठ, त्यांनी दोन ओळीत समजावलं, तर मध्येच एक वहिनी विचारतात, डिसेंबरात भाचीचं लग्न आहे, हॉल मिळेल का?

इथे आमचा क्लब वर्षाचं कॅलेंडर जूनमध्ये बसून करतो. आधी जीसीएसई म्हणजे इथली शालान्त परीक्षा, मग हाफ टर्मची शाळेची सुट्टी, बँक हॉलिडे, किंग पॉवर स्टेडियमवरच्या लेस्टरच्या फुटबॉलच्या होम मॅचेस (त्या टीव्हीसाठी हलतात म्हणून पेन्सिलने), आणि दिवाळी कधी हे मला विचारून. एवढं खोडून झालं की उरलेले रविवार आपले. साताऱ्यात हे का होत नाही?

मी करून बघितलं. सप्टेंबरात गणपती, शिवाय त्याच महिन्यात हिल मॅरेथॉन, रस्ते बंद, आणि कासची गर्दी. ११ ऑक्टोबरला घटस्थापना, त्यानंतर सहामाही, ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, १५ला अर्धा गाव मामाकडे. २२ला परत येणारे दमलेले असतात. म्हणजे २९ नोव्हेंबर. १५ डिसेंबरनंतर सहली आणि गॅदरिंग, फेब्रुवारीत बारावीचा पेपर सुरू. बोर्डाच्या तारखा जाहीर झाल्या की परत एकदा ताडून बघायचं आणि एक राखीव रविवार हाताशी ठेवायचा.

ग्रुपवर उत्तर आलं, "तिकडे बसून तारखा काढणं सोपं असतं रे." लागलं ते. इथे दिवाळी कधी हे विचारायला सगळे माझ्याकडे येतात आणि माझ्या गावाला मी बाहेरचा वाटतो.

आणि खरं सांगायचं तर २९ नोव्हेंबरला मी तिथे नसणार. मला सुट्टी मिळते ती ख्रिसमसला, २७ डिसेंबरचा रविवार मला रिकामा दिसतो, पाटावर बसून पोरांचे डाव बघायचे आहेत मला. तेव्हा निम्मी पोरं सहलीला असतील हे माहीत असूनही मी काकांना वेगळा मेसेज टाकलाय की २७चा विचार करा, काका वाचून गप्प आहेत.