नळ आला का गं?

गेली चार वर्षे मी लातूरला आणि हे पुण्याला, अशी आमची संसाराची वाटणी आहे. माझी नोकरी शाळेतली आणि ह्यांची कंपनीतली, त्यामुळे दोघांपैकी कुणालाच सध्या हलता येत नाही. यावर एक गाणे लिहावे असे मनात होते आणि दिवाळीच्या सुट्टीत मी ते लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात चांदणे होते, सुनी रात होती, उशीवर ओघळणारे अश्रूसुद्धा होते. सासूबाईंना वाचून दाखवले, तर त्या शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "आसं कोण बोलतंय गं माय घरात?" तो कागद मी त्याच संध्याकाळी फाडला.

त्यांचे बरोबर होते. आमच्या रोजच्या फोनवर 'तुझी आठवण येते' हे वाक्य वर्षातून एखाद्या वेळी येत असेल, पण 'नळ आला का गं?' हे मात्र हटकून येते. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे, आणि आमच्या भागात आजही नळ आठवड्यातून एकदाच येतो. तो वार पुण्यात बसून ह्यांच्या ध्यानात असतो. म्हणून गाण्याची सुरुवात तिथूनच केली :

नळ आला का गं
विचारतो फोन
भरली मी दोन
पिंपं आज

छंद मोठ्या अभंगाचा आहे. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चारच, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. जोडाक्षर एकच मोजायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, त्यामुळे बोलण्यातले शब्द फारसे न वाकवता बसतात. पण हा छंद मी निवडला तो त्या चौथ्या चरणासाठी. तो दोन अक्षरांनी आखूड पडतो, आणि घरात कुणीतरी कमी आहे हे तो आखूडपणाच सांगतो. मग 'विरह' हा शब्द लिहावा लागत नाही.

माझे दीर भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांनी आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात चाल बांधली आणि सवयीने 'आऽऽज' लांबवून उरलेल्या मात्रा भरून काढल्या. मी म्हटले, भाऊजी, इथे गळा थांबवा आणि नुसता ठेका चालू द्या. त्यांना ते आधी अपुरे वाटले. दोनदा वाजवून पाहिल्यावर मात्र स्वतःच म्हणाले, फोन ठेवल्यावर होते तसे होते हे.

अशा गाण्यात चूक होते ती सवयींची नुसती जंत्री करण्यात. मीही एक कडवे लिहिले होते, दोन कपांचा चहा आता एकच कप होतो असे. ऐकायला बरे होते, पण एकटी राहणारी कुणीही बाई ते म्हणू शकते. तेव्हा मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली : त्या सवयीत दुसऱ्याचा हात दिसला पाहिजे. चहाचे कडवे त्यात नापास झाले. (शिवाय एकटा कप जाहिरातवाल्यांनी पार वापरून टाकला आहे.) गाडीचे कडवे टिकले. ह्यांची मोटारसायकल इथेच असते. उभी राहून बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी ती पाच-दहा मिनिटे चालू ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. आधी लिहिले होते :

रविवारी ह्यांची
गाडी केली चालू
धूर लागे हालू
अंगणात

'चालू'च्या यमकासाठी धुराला उगाच हलायला लावले होते. तो खरे म्हणजे हलत नाही, पसरतो. यमक माझ्यावर स्वार झाले होते. 'चालू'चे 'सुरू' केले आणि त्या रविवारी खरोखर जे घडले होते ते आपोआप पुढे आले :

रविवारी ह्यांची
गाडी केली सुरू
धावले लेकरू
फाटकाशी

ते का धावले, हे सांगणारे आणखी एक कडवे मी लिहिले होते. त्यात मुलगा विचारतो, आई डोळे पुसते, सगळे होते. दिरांनी ते गाऊन पाहिले आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघताच ते काढून टाकले.

शेवटचे कडवे ह्यांच्या स्वयंपाकाचे आहे. मागच्या शनिवारी सासूबाईंना पूर्ण गाणे ऐकवले, तेव्हा याच कडव्याला त्या हसल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशीचं वरण व्हय हे? लई खारट झालतं."

डाळ शिजेना की
म्हणती फोनात
मीठ तेवढ्यात
इथे जास्त