एचडीआर चालू केल्यावर डेस्कटॉप फिका? स्लायडर १०० वर नेऊ नका

दावा: «विंडोज ११ मध्ये एचडीआर चालू केलं की डेस्कटॉप धुतल्यासारखा दिसतो. उपाय सोपा आहे: SDR content brightness सरळ १०० वर न्या. रंग परत येतात, काळा गडद होतो, आणि एचडीआर सिनेमेही जास्त उजळतात.»

स्लायडर योग्य आहे, आकडा चुकीचा. एचडीआर चालू असताना बहुतेक मॉनिटरचं स्वतःचं ब्राइटनेस बटण बंद पडतं किंवा त्याचा उपयोग राहत नाही. साध्या, म्हणजे एचडीआर नसलेल्या (SDR) विंडोंचा पांढरा किती उजळ असावा हे मग विंडोज ठरवतं. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात: स्लायडर ० वर असेल तर पांढरा ८० निट्स, पुढे प्रत्येक अंकाला ४ निट्स, म्हणजे १०० वर ४८० निट्स. आकडा खाली असेल तर पांढरा राखाडी वाटतो आणि सगळा डेस्कटॉप मरगळलेला दिसतो. तेवढ्यापुरता स्लायडर वर नेणं बरोबरच आहे.

पण किती वर? ज्या मॉनिटरची कमाल ४०० निट्स आहे, त्याच्याकडे ४८० मागितले तर तो देणार कुठून? तो जास्तीचं नुसतं कापत असेल तर हिशेबाने २५५ पैकी साधारण २३५ च्या वरच्या सगळ्या छटा एकाच पांढऱ्यात मिसळतात. एक्सेलमधल्या फिकट राखाडी रेषा गायब झाल्या की समजावं. ओलेड पडद्यावर वेगळीच गंमत होते: पांढरी विंडो मोठी केली की ती मंद होते, लहान केली की पुन्हा उजळते, कारण पूर्ण पडदाभर तेवढा प्रकाश त्याला झेपत नाही.

नेमकं असं करा. एचडीआर बंद ठेवून रिकामं नोटपॅड पडद्यावर अर्ध्या भागात उघडा आणि शेजारी एक कोरा कागद धरा. पांढरा किती उजळ आहे ते नजरेत बसवा. Win+Alt+B दाबून एचडीआर चालू करा, Settings > System > Display > HDR मध्ये जा आणि नोटपॅड कागदाशी आधीसारखंच जुळेपर्यंत स्लायडर हलवा. आधी मॉनिटर २०० निट्सवर वापरत असाल तर ३० च्या आसपास थांबाल (८० + ३० × ४ = २००). काही मॉनिटर मागितलेले निट्स तंतोतंत देत नाहीत, म्हणून शेवटचा निर्णय डोळ्यांचा. खोलीतला दिवा मात्र मध्येच बदलू नका.

काळा गडद होतो, हे तर साफ उलटं आहे. स्लायडर सगळ्या छटांना एकाच पटीने गुणतो. ३० वरून १०० वर गेलात की पांढऱ्याबरोबर गडद राखाडीही २.४ पट उजळते. गडद भाग फिके दिसण्याचं खरं कारण दुसरीकडे आहे. कोणत्या छटेला किती उजेड द्यायचा हे एक वक्र ठरवतो. एचडीआरमध्ये विंडोज साध्या विंडोंना एसआरजीबीचा तुकड्यातुकड्यांचा वक्र लावतं, तर बहुतेक मॉनिटर नेहमी २.२ गॅमा या वक्रावर चालतात. २५५ पैकी १० ही छटा घ्या, पांढरा २०० निट्स. २.२ गॅमाने ती ०.१६ निट्स येते, विंडोजच्या वक्राने ०.६१. जवळपास चौपट! डार्क थीम धुरकट दिसते ती यामुळे, आणि स्लायडर कितीही फिरवला तरी हे प्रमाण बदलत नाही. यावर २.२ गॅमाच्या रंग-प्रोफाइल मिळतात, पण त्या ठरावीक पांढऱ्यासाठी बनवलेल्या असतात. २०० निट्सची घेतली तर स्लायडर ३० वरच ठेवावा लागतो, आणि ती एचडीआर व्हिडिओवरही लागू होते, त्यामुळे सिनेमा बघताना काढून टाकणं बरं.

त्यातही काळा पडदाच राखाडी दिसत असेल आणि मॉनिटर एचडीएमआयवर असेल, तर ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये रंगांची रेंज Limited आहे का ते आधी बघा. मॉनिटर Full समजत असेल तर ती Full करा. आणि बॅकलाइट भागाभागाने मंद करणारं लोकल डिमिंग नसलेल्या स्वस्त मॉनिटरमध्ये एचडीआर चालू होताच बॅकलाइट पूर्ण ताकदीने पेटतो. तिथे काळा उजळणारच, डेस्कटॉपसाठी एचडीआर बंद ठेवलेलंच बरं.

रंगांबद्दल बोलायचं तर बरेचदा ते गेलेलेच नसतात. वाइड गॅमट, म्हणजे जास्त गडद रंग दाखवू शकणारा मॉनिटर एचडीआर बंद असताना साधे रंग ताणून भडक दाखवतो. चालू केल्यावर विंडोज त्यांना त्यांच्या जागी बसवतं. भडकपणाची सवय झालेल्या डोळ्यांना ते फिके वाटतात. तरीही भडक रंग हवेच असतील तर Windows HDR Calibration ॲपच्या शेवटच्या पायरीत सॅच्युरेशन थोडं वाढवता येतं.

सिनेमांना हा स्लायडर हातच लावत नाही. एचडीआर व्हिडिओचे निट्स त्याच्या सिग्नलमध्येच लिहिलेले असतात. उलट डेस्कटॉप ४८० वर ठेवलात तर त्याच्या शेजारी सिनेमाच अंधारा वाटेल. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर मात्र याच जागी HDR content brightness नावाचा वेगळा स्लायडर दिसतो. तिथे साध्या विंडोंसाठी नेहमीची ब्राइटनेसची बटणंच वापरायची.