उशीखालचा फोन: धोका १०० टक्क्यांनंतरचा नाही, त्याआधीचा आहे

“आजकालचे सगळे फोन १०० टक्के झाले की चार्जिंग आपोआप बंद करतात. जास्त तापला तरी फोन स्वतःच थांबतो. मी कित्येक वर्षं उशीखाली चार्जिंगला लावून झोपतोय, कधी काही झालं नाही. उगाच घाबरवणारे मेसेज पाठवू नका.”

दादा, पहिलं वाक्य बरोबर आहे, पण उशीखाली फोन पेटण्याचा संबंध त्या १०० टक्क्यांशी नाहीच. बॅटरी सगळ्यात जास्त करंट ओढते ती सुरुवातीला, रिकामी असताना. भरत आली की करंट कमी होत जातो. रात्री साडेअकराला १५ टक्क्यांवरचा फोन लावून आडवं झालं, तर तो सर्वात जास्त तापतो पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात, म्हणजे आपला डोळा लागतो तेव्हाच. टेबलावर ही उष्णता हवेत निघून जाते. उशीतला कापूस किंवा फोम तिला जाऊच देत नाही. फोनची बॅटरी साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या आतच चार्ज व्हावी असं मानतात. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत आधीच उकडत असतं, त्यात उशी आणि डोक्याची ऊब. ती मर्यादा तेव्हा फार लांब राहत नाही.

तापला की थांबतो, हेही चांगल्या फोनच्या बाबतीत खरं आहे. तो करंट कमी करतो, प्रसंगी चार्जिंग बंदही करतो, आणि म्हणूनच बहुतेक रात्री काही होत नाही. पण फोनमधला सेन्सर फोनपुरताच. गादीवर पडलेला अडॅप्टर किती तापलाय, एक्स्टेंशन बोर्डात काय चाललंय, हे त्याला कळत नाही. केबलच्या पिनेवरही सगळेच फोन नजर ठेवत नाहीत.

पिनेचंच बघा. चांगल्या पिनेचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, समजा ०.०५ ओहम आहे. त्यातून २ अँपिअर करंट गेला तर तिथे फक्त ०.२ वॉट उष्णता तयार होते. हाताला जाणवतही नाही. आता तीच पिन उशीखाली रोज दाबली गेली, कुशीवर वळताना वाकली, पावसाळ्यातल्या दमट हवेने आणि घामाने आतले संपर्क गंजले. रोध ०.५ ओहम झाला, तर त्याच २ अँपिअरला २ वॉट उष्णता तयार होते. दहापट, तीही नखाएवढ्या जागेत आणि चहूबाजूंनी कापूस. तिथे प्लास्टिक मऊ पडतं, पिना एकमेकींना टेकतात आणि शॉर्ट होतो.

हे घरीच तपासता येतं. केबल काढून पिन उजेडात धरा. आत हिरवट थर, तपकिरी-काळा डाग, वितळलेली कड किंवा मानेशी फाटलेलं आवरण दिसलं तर ती केबल फेका. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे बीआयएसचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा. स्टेशनबाहेरच्या स्वस्त चार्जरवर बऱ्याचदा तो नसतो, किंवा खोटा असतो.

राहिला वर्षांचा अनुभव. फोन तोच असला तरी बॅटरी तीच राहत नाही. ती जुनी होते, फोन पडतो, अंगाखाली दाबला जातो. आतल्या दोन थरांमध्ये एक पातळ पडदा असतो, त्याला इजा झाली तर आतल्या आत शॉर्ट होतो. उष्णता वाढली की आतली रसायनं स्वतःच आणखी उष्णता सोडू लागतात, आणि साधारण १३० अंशांच्या आसपास तो पडदाच वितळतो. त्यानंतर चार्जर काढला तरी ते थांबत नाही. उघड्या लादीवर एखादी बिघडलेली बॅटरी तापून निवू शकते. उशीखाली निवायला वाटच नसते. बॅटरी फुगली की मागचं झाकण उचललं जातं आणि फोन टेबलावर डुलतो. असा फोन एकदाही चार्जिंगला लावू नका.

फोमची गादी पेटली की खोली काही मिनिटांत विषारी धुराने भरते. आपल्याकडे एकाच खोलीत चार-पाच जणं झोपतात आणि दार एकच असतं, म्हणून मला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही.

जागा नाही ही अडचण खरी आहे. तरी फोन लादीवर किंवा स्वयंपाकाच्या कोरड्या ओट्यावर ठेवता येतो, पाणी आणि गॅसपासून लांब. एक्स्टेंशन बोर्ड गादीवरून खाली घ्या. जेवण होईपर्यंत, सगळे जागे असताना फोन चार्ज करून घ्या. झोपेत फोनमधून फुसफुस आवाज किंवा उग्र वास आला तर तो हातात धरू नका. हात पोचत असेल तर भिंतीवरचं बटण बंद करा, मुलांना उठवून बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि बाहेरूनच १०१ लावा.