फळ्यावरचे ७४२

आमच्या कॅन्टीनच्या दारात गेल्या महिन्यापासून एक पांढरा फळा लागलाय. एचआरच्या वेलनेस मोहिमेतला. त्यावर रोज निळ्या मार्करने 'आजचे जेवण : अमुक कॅलरी' असं लिहिलेलं असतं. कधी ६९८, कधी ८१३. परवा बुधवारी मटकीची उसळ होती, तेव्हा ७४२.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, बावीस वर्षं झाली. माझ्या टेबलावर येणाऱ्या ड्रॉइंगवर २५ लिहिलं असेल तर पुढे अधिक-उणे ०.०२ असतं, म्हणजे एवढाच फरक चालेल. नसेल तर खालच्या कोपऱ्यात जनरल टॉलरन्स शोधायचा. तिथेही नसेल तर डिझाइनवाल्याला फोन करून डोकं खायचं. नुसता आकडा आमच्याकडे कुणी स्वीकारत नाही. त्यामुळे ते ७४२ बघितलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. त्यातला शेवटचा २ कुठून आला? दोन कॅलरी म्हणजे पाव ग्रॅमपेक्षाही कमी तेल. पोळीला लावलेल्या तेलाचे चार-सहा थेंब इकडचे तिकडे झाले, तरी तो २ खोटा पडतो.

एचआरच्या मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "सर, सॉफ्टवेअरमध्ये मेनू टाकला की येतं." म्हणजे 'पोळी ३, भात १ वाटी, वरण १ वाटी, उसळ १ वाटी' एवढं टाकायचं, आणि सॉफ्टवेअर कुणाच्या तरी घरच्या वाटीचा हिशोब आपल्या ताटाला चिकटवणार.

आमच्या डिपार्टमेंटमधला एक पोरगा हा फळा बघून वजन उतरवायला निघालाय. दुपारचे फळ्यावरचे, सकाळ-संध्याकाळचे घरचे मोजलेले. सहा आठवडे झाले, काटा हलत नाही. "सर, माझं थायरॉइड चेक करू का?" म्हणाला. म्हटलं, कर हवं तर, पण आधी तुझं ताट चेक करू.

तर त्या बुधवारचं ताट. तीन पोळ्या, एक मोठी वाढ भात, पातळ वरण, मटकीची उसळ, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, ग्लासभर ताक. आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे तेल सगळ्या पदार्थांतून बाहेर काढून एका वेगळ्या ओळीत टाकलं. का ते पुढे सांगतो.

पोळ्या आधी. दहा दिवस रोज एक पोळी कागदात गुंडाळून लॅबच्या काट्यावर ठेवली. (लॅबवाल्यांनी माझी यथेच्छ चेष्टा केली, ती सोडून द्या.) सगळ्यात हलकी ३६ ग्रॅम, सगळ्यात जड ५२. भाजलेल्या पोळीत साधारण सत्तर टक्के कणीक धरली, तर एका पोळीत २५ ते ३६ ग्रॅम. पण तिन्ही हलक्या किंवा तिन्ही जड पोळ्या एकाच ताटात येणं कठीण, म्हणून तीन पोळ्यांना ८० ते १०० ग्रॅम कणीक धरली. १०० ग्रॅम कणकेच्या कॅलरी किती, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात ३४१ आहेत आणि २०१७च्या नव्या तक्त्यात ३२०च्या आसपास. म्हणजे तक्ता बदलला तरी आकडा हलतो. आम्ही मधला ३३० घेतला. पोळ्या झाल्या २६० ते ३३०.

भाताची वाढ १२० ते १८० ग्रॅम, म्हणजे १५५ ते २३५. वरणात डाळ १५ ते २५ ग्रॅम, म्हणजे ५० ते ८५. उसळीत कोरडी मटकी २५ ते ४० ग्रॅम, वर कांदा वगैरे, म्हणजे ८५ ते १४०. कोशिंबीर आणि ताक मिळून ५० ते १००.

तेल सोडून बेरीज केली तर कमीत कमी ६००, जास्तीत जास्त ८९०.

आता तेल. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, कणीक-भात-डाळीच्या कोरड्या ग्रॅमला त्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय तेल दिसत नाही. भाताचा ढीग डोळ्यांना कळतो, पण उसळीत एक पळी तेल जास्त पडलं तर कळत नाही, उलट उसळ छान लागते. सुरुवातीला आम्ही एका ताटात १८ ते ४० ग्रॅम तेल धरलं, म्हणजे १६० ते ३६०. एवढी मोठी रेंज दुसऱ्या कुठल्याच ओळीत नाही.

सगळं खालचं खालचं मिळवलं तर ७६०. सगळं वरचं वरचं मिळवलं तर १२५०. फळ्यावरचे ७४२ बघा. आमच्या सगळ्यात कंजूष हिशोबाच्याही खाली!

पण ७६० ते १२५० ही रेंजही मला पसंत नाही. बरोबर आहे, पण तिचा उपयोग काय? ५०० ते १५०० म्हटलं असतं तर आणखी बरोबर ठरलं असतं. क्वालिटीत याला 'वर्स्ट केस' म्हणतात: सगळे पार्ट एकाच वेळी एकाच बाजूला टोकाला गेले तर काय होईल. प्रत्यक्षात तसं क्वचित होतं. पोळ्या जड असतात त्या दिवशी भात कमी पडलेला असतो, वरण पातळ असतं तेव्हा मटकी घट्ट असते. म्हणून आम्ही दुसरी रीत वापरतो. प्रत्येक रेंजची निम्मी रुंदी घ्यायची, तिचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. पोळ्यांची निम्मी रुंदी ३५, भाताची ४०, तेलाची १००, असं करत गेलो तर वर्गमूळ येतं १२० च्या आसपास. मधला आकडा १००५. म्हणजे जेवण साधारण ८८५ ते ११२५.

ही रीत एका अटीवर चालते. एका ओळीतली चूक दुसऱ्या ओळीतल्या चुकीला बांधलेली नसावी. आणि तेल नेमकं बांधलेलं असतं, कारण पोळीला, फोडणीला, उसळीला हात एकाच आचाऱ्याचा. त्याचा हात सढळ असेल तर सगळीकडेच सढळ. तेल प्रत्येक पदार्थात वेगवेगळं धरलं असतं, तर एकाचं कमी दुसऱ्याच्या जास्तीने भरून निघेल असं गणिताने मानलं असतं आणि रेंज खोटीच अरुंद दिसली असती. म्हणून ते आधी बाहेर काढलं.

आता वेळ कुठे घालवायचा, हे रेंजच सांगते. पोळ्या अगदी मिलिग्रॅमपर्यंत मोजल्या तरी ते १२० जेमतेम ११५ वर येतात. माझे ते दहा दिवस जवळजवळ फुकट गेले म्हणायचे. तेलाची ओळ अर्धी केली तर मात्र सगळं चित्र बदलतं. पण तेल मोजायचं कसं? ताटातून तर काढता येत नाही.

कॅन्टीनच्या मावशींना विचारलं, "मावशी, आठवड्याला तेलाचे डबे किती लागतात?" मावशी हसल्या. "का हो साहेब, बिल तपासताय का?" मग म्हणाल्या, दोन तर जातातच, भजी किंवा पुरी असली की तिसरा फोडावा लागतो. डबा १५ लिटरचा, म्हणजे पावणेचौदा किलोच्या जवळपास. आमच्याकडे रोज १६० ताटं, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ९६० ताटं. दोन डब्यांचं तेल या ताटांत वाटलं की प्रत्येकी साधारण २८-२९ ग्रॅम. त्यातलं थोडं पातेल्याला, झाऱ्याला, कढईत राहतं. तळणाचा तिसरा डबा उसळीच्या दिवसात धरला नाही.

हे झालं सरासरी ताट. माझं ताट वेगळं असू शकतं, आणि नाशिककराला ते समजवायला नको. रविवारी मिसळ खाताना 'तर्री मारके' म्हणणारी माणसं आपण. उसळीच्या पातेल्यावर तेल तरंगतं. साडेबाराच्या लाइनीत पहिल्या वीस जणांत असाल तर मावशींचा डाव वरून जातो आणि वाटीत लाल चकाकणारा थर येतो. दीड वाजता जेवणाऱ्यांना तळाची घट्ट मटकी मिळते. पातेलं तेच, पण वाट्यांमध्ये दहा ग्रॅम तेलाचा फरक सहज पडतो, म्हणजे ९० कॅलरी. म्हणून मी तेल २० ते ३२ ग्रॅम धरलं, १८० ते २९०. पुन्हा सगळं मांडलं, तर ८९० ते १०७० आलं. एका प्रश्नाने रेंज चौथ्या हिश्श्याने आक्रसली.

आता आमच्या पोराकडे येऊ. पोळी आज जड, उद्या हलकी. ही चूक महिन्याभरात आपोआप पुसली जाते. फळ्यावरची चूक पुसली जात नाही, कारण ती रोज एकाच बाजूला आहे. ७४२ आणि आमच्या मधल्या ९८० मध्ये सुमारे २४० चा फरक. महिन्याचे २४ दिवस धरले तर साडेपाच हजारांहून जास्त. एका किलो चरबीला ७७०० हा जुना ठोकताळा लावला तर कागदावर पाऊण किलोच्या आसपास. शरीर ठोकताळ्याने चालत नाही हे मान्य, पण काटा का हलत नाही याला थायरॉइडपेक्षा हे कारण मला जवळचं वाटतं. आमची रेंज तरी बरोबर कशावरून? तेही काट्यावरूनच कळेल. मधला ९८० धरून तो बाकीचं खाणं बसवेल, आणि पाच-सहा आठवड्यांनी वजनाचा कल पुन्हा वेगळंच सांगत असेल, तर आमचा मधला आकडाच सरकलेला असेल. बहुतेक तेलाकडेच.

मग एचआरच्या मॅडमकडे गेलो. म्हटलं, फळ्यावर लिहा, '८९० ते १०७०, तीन पोळ्या धरून. जास्तीच्या पोळीला तेलासकट १०० ते १४० वाढवा'. कारण वेल्डिंगचे लोक पाच पोळ्या खातात आणि अकाउंट्सवाल्या ताई दीड, आणि सगळ्यांना आपण ७४२ च सांगतोय. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सर, रेंज लिहिली तर लोकांना वाटेल आम्हाला नक्की माहीत नाही." मी म्हटलं, "मॅडम, नाहीच आहे माहीत. मलाही नाही. पण किती माहीत नाही, ते मला माहीत आहे."

सोमवारी फळा बघायला मुद्दाम लवकर गेलो. सुधारणा झाली होती. 'आजचे जेवण : अंदाजे ७४२ कॅलरी.'