कोणतं छप्पर थंड? आधी वेळ सांगा

अकोल्याला ताईकडे मागचं घर टिनाचं आणि पुढची खोली स्लॅबची. चार वर्षांपूर्वी स्लॅब टाकला तेव्हा आजीची खाट मोठ्या मानानं पुढे आली, कारण ती खोली 'पक्की'. आणि तेव्हापासून उन्हाळ्यात आजी रात्री उठून ओसरीत जाऊन बसते. विचारलं की एकच उत्तर: "वरून शेक लागते."

माझी भाची आठवीत. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं विषय घेतला, कोणत्या छपराखाली किती गरम होतं. प्रदर्शन डिसेंबरात भरतं, तेव्हा अकोल्यात माणसं शेकोटीपाशी बसलेली असतात. म्हणून मोजमाप आधीच्या मे महिन्यात, नवतपा धरून. ही अक्कल तिची स्वतःची, माझी नव्हे.

फ्रिजमध्ये किंवा माशांच्या टाकीत लावतात ते वायरवाले डिजिटल थर्मामीटर मिळतात ना, सव्वाशे-दीडशे रुपयांचे, तसले चार आणले. एक स्लॅबखाली, एक टिनाखाली, एक शेजारच्या काकूंच्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या घरात आणि चौथा बाहेर लिंबाच्या सावलीत. पहिल्याच संध्याकाळी चारही एका टेबलावर ठेवले तर आकडे चार! सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांत दीड अंशाहून जास्त फरक. "मामा, हे खोटं बोलते," म्हणून पोरगी रडकुंडीला आली.

खरं तर प्रकल्प इथूनच सुरू झाला. असल्या थर्मामीटरमध्ये अंशभर इकडेतिकडे असणारच. मग चारही वायरींची टोकं रबरबँडनं शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या थर्मामीटरला बांधून कोमट पाण्याच्या मगात सोडली. पाणी ढवळत राहायचं आणि पंचेचाळीसवरून तिसापर्यंत उतरताना दर दोन अंशांनी पाचही आकडे लिहायचे. प्रत्येकाची चूक जवळपास ठरावीक निघाली. एक सतत पाऊण अंश जास्त दाखवायचा, एक तेवढाच कमी. कागदाची पट्टी कापून प्रत्येकाच्या पाठीवर आपापली दुरुस्ती चिकटवली. शिवाय दर दोन दिवसांनी थर्मामीटरच्या जागा बदलायच्या, म्हणजे यंत्राचा दोष छपराच्या माथी बसायला नको. महागड्या यंत्रानं जे विकत मिळतं ते तिनं मग आणि रबरबँडनं मिळवलं.

दुसरी भानगड उंचीची. दुपारी टिनाच्या खोलीत टोक पत्र्याजवळ धरलं की खाटेजवळच्यापेक्षा चार-पाच अंश जास्त. मग गाठ मारलेला दोरा घेऊन सगळीकडे टोक खाटेवरच्या माणसाच्या उंचीवर टांगलं, भिंतीपासून लांब. दार उघडून लगेच वाचायचं नाही, पाच मिनिटं थांबायचं. एका संध्याकाळी काकूंकडे अचानक एक्केचाळीस आले. तपास केला तर पलीकडच्या भिंतीला चूल पेटली होती. तो आकडा खोडला नाही, गोल करून बाजूला कारण लिहिलं. ताईनं कूलर लावला तेव्हाचे दोन दिवसही तसेच गोलात गेले.

आठवड्याभरानं दुपारी अडीचचे आकडे असे: बाहेर सावलीत 44, टिनाखाली 43, कवेलूखाली 40, स्लॅबखाली 39. आम्ही म्हटलं, झालं, स्लॅब जिंकला, आजी उगीच कुरकुरते. पोरगी मात्र 'शेक' या शब्दावर अडली. हवेचं तापमान वेगळं आणि तापलेल्या छपरातून अंगावर येणारी झळ वेगळी, असं काहीतरी तिनं पुस्तकात वाचलं होतं. साधा थर्मामीटर मुख्यतः हवाच मोजतो. मग टेबल टेनिसचा चेंडू घ्यायचा, मॅट काळा रंगवायचा, भोक पाडून टोक आत मधोमध बसवायचं. काळा चेंडू झळ शोषतो आणि माणसाला जे जाणवतं त्याच्या जवळचा आकडा देतो. हा जुगाड नाही बरं, संशोधकही असा चेंडू वापरतात.

चेंडूंनी टिनाखाली दुपारी 47 दाखवले, हवेपेक्षा चार जास्त. स्लॅबखाली 40. म्हणजे दुपारी टिन आपण समजत होतो त्याहून वाईट. आता रात्री साडेदहाचं ऐका. बाहेर 35. टिनाखाली हवा 35, चेंडू 34. स्लॅबखाली हवा 38, चेंडू 39. आजी खरी होती.

कारण वजनात आहे. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे तीनशे किलो, पत्र्याचं चार-पाच. एक अंश तापायला स्लॅबला पत्र्याच्या शंभरपटीहून जास्त उष्णता लागते. म्हणून दुपारचं ऊन तो पोटात साठवतो आणि ते खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. दुपारची भट्टी रात्री जेवणं झाल्यावर पेटते. पत्र्याजवळ साठवायला काही नसतं, तो सूर्याबरोबर तापतो आणि सूर्याबरोबर निवतो. उघड्या आकाशाखाली तर हवेपेक्षाही थोडा थंड होतो. कवेलूचं घर दोन्ही वेळा मधलं. फटींतून गरम हवा निघून जाते, पण माकडं नाचतात आणि दरवर्षी शाकारणी करावी लागते, म्हणून लोक ते काढून टिन टाकतात. त्यांना दोष देणाऱ्यांनी एकदा मृगाच्या तोंडावर कवेलू फेरायला वर चढून पाहावं.

डिसेंबरात शिक्षकांनी सांगितलं, नुसती वही चालत नाही, मॉडेल पाहिजे. मग खोक्यांची चार घरं झाली, वर वेगवेगळी छपरं, त्यावर शंभराचा बल्ब. आणि इथेच माझं या प्रदर्शनांशी भांडण आहे. बल्ब वीस मिनिटं जळतो, परीक्षक तीन मिनिटं थांबतात. त्या खोक्यांत संध्याकाळ कधी होतच नाही! सिमेंटचा तुकडा नुकता कुठे तापायला लागलेला असतो, म्हणून तो प्रत्येक वेळी पहिला येतो. मॉडेल बिघडलेलं नव्हतं, व्यवस्थित चालत होतं आणि व्यवस्थित चुकीचं उत्तर देत होतं.

परीक्षकांनी विचारलं, "एका वाक्यात सांग, कोणतं छप्पर थंड?"

ही म्हणाली, "किती वाजता, सर?"

त्यांना तो उद्धटपणा वाटला असावा. वही उघडलीच नाही. बक्षीस हायड्रॉलिक जेसीबीला गेलं. जेसीबी छान होता, खोटं कशाला बोलू.

आपण मोठी माणसंही हेच करतो. अकोला 45 वर गेलं की बातमी फिरते. तो आकडा हवामान खात्याच्या पांढऱ्या, झडपांच्या पेटीतला, सावलीतल्या हवेचा आणि दुपारचा. रात्री साडेदहाला स्लॅबखाली काय चाललंय हे त्यात कुठून येणार? घर बांधतानाही आपण पक्कं की कच्चं एवढंच विचारतो. खोलीत झोपणार कोण आणि कधी, हे कुणी विचारत नाही. दोन घरांच्या, एका महिन्याच्या आकड्यांवरून गावभर नियम सांगता येत नाही, हे वहीच्या शेवटच्या पानावर भाचीनंच लिहिलंय. दिशा, खिडक्या, छताची उंची, सगळ्यानं फरक पडतो.

आता ताईकडे आजीची खाट दुपारी स्लॅबखाली असते आणि रात्री नऊला मागे टिनाखाली जाते. यंदा मेमध्ये टिनाला वरून चुना लावायचा बेत आहे. मी म्हटलं, यंदाचा मे मागच्यासारखा नसेल तर कळणार कसं? भाचीनं वही दाखवली. टिन आणि काकूंचं कवेलू यांच्यातला रोजचा फरक गेल्या वर्षी मोजलेला आहे, काकू चुना लावणार नाहीत, तेव्हा तो फरक किती कमी होतो एवढंच बघायचं. फक्त काकूंनी यंदा टिन टाकायचं म्हटलंय. पोरगी रोज जाऊन त्यांना जून उजाडेपर्यंत थांबायला विनवतेय.