लर्निंगच्या परीक्षेत तीनदा नापास: तक्रारीला आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (एक तारा): "मुलीचं नाव घालून दोन महिने झाले. लर्निंगच्या परीक्षेत तीनदा नापास. दर वेळी चिन्हांचेच प्रश्न चुकतात असं ती सांगते, आणि हे लोक म्हणतात, अजून सराव कर. गाडीवर एकदाही बसवलेलं नाही. दुसरे स्कूलवाले परीक्षासुद्धा करून देतात."

नमस्कार दादा,

आधी गाडीचं सांगतो. शिकाऊ लायसन्स हातात आल्याशिवाय आम्ही कुणालाही स्टिअरिंगवर बसवत नाही. कायद्यात ते बसत नाही, आणि काही घडलं तर विम्याचाही घोळ होतो. परीक्षा "करून देणं" आमच्याकडे मिळत नाही. घरबसल्या आधारवरून परीक्षा देता येते तेव्हापासून हा धंदा कुठे कुठे चालतो ते आम्हालाही ठाऊक आहे. त्याबद्दल एक तारा कमी झाला तरी चालेल.

बाकीची तक्रार मात्र खरी आहे. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर "अजून सराव कर" असं मीच तिला सांगितलं, आणि ते चुकलं. तुमचा अभिप्राय वाचून शनिवारी तिला तासभर घेऊन बसलो. त्यातून जे कळलं ते तिला विचारूनच इथे लिहितोय.

परीक्षेत 15 प्रश्न असतात आणि पास व्हायला 9 बरोबर लागतात. तिचे पहिल्यांदा 7 आले, नंतर दोन्ही वेळा 8. म्हणजे अडकतेय ती एका प्रश्नावर. लायसन्सची मुदत, रुग्णवाहिकेला वाट देणं, अरुंद पुलावर समोरची गाडी आधी शिरत असेल तर थांबणं, असल्या प्रश्नांत ती पक्की आहे. चुकलेले जेवढे आठवले तेवढे तिने मला सांगितले, तर जवळपास सगळे "हे चिन्ह काय दर्शवते" याच जातीचे निघाले. त्यातही थांबा, शाळा, रेल्वे फाटक कधी चुकत नाही. चुकतात ती एकमेकांसारखी दिसणारी.

आमच्याकडे चिन्हांची 20 छापील कार्डं आहेत. एक काढलं: निळा गोल, त्यात वर जाऊन डावीकडे वळणारा पांढरा बाण. तिचं उत्तर, "डावीकडे वळण." मग लाल काठाचा त्रिकोण काढला, आत डावीकडे झुकलेला काळा बाण. उत्तर तेच, "डावीकडे वळण." तिसरं कार्ड लाल कड्याचं, बाण तसाच, वरून तिरकी लाल पट्टी. ते तिने बरोबर सांगितलं, कारण पट्टी डोळ्यात भरते.

मग मी बाणावर अंगठा ठेवला आणि नुसती चौकट दाखवून विचारलं, हे चिन्ह तुला काय करायला लावतंय? ती गप्प. तीनही परीक्षांचा उलगडा मला तिथे झाला. ती चिन्हाच्या पोटातलं चित्र वाचते, चौकट बघतच नाही. खरं म्हणजे चिन्ह काय म्हणतंय ते आधी चौकट सांगते. त्रिकोण म्हणजे पुढे काहीतरी आहे, जपून ये. निळा गोल म्हणजे असंच करायचं, दुसरा मार्ग नाही. लाल कड्याचा गोल म्हणजे मनाई किंवा मर्यादा. आतला बाण फक्त कशाबद्दल ते सांगतो. त्रिकोणातला डावा बाण म्हणजे रस्ता डावीकडे वळतोय, आणि निळ्या गोलातला म्हणजे तुम्ही डावीकडेच वळायचं. मराठीत आपण दोन्हीला "वळण" म्हणून मोकळे होतो, म्हणून ही गफलत आणखी सोपी होते. तिने मोबाइलवर सराव इंग्रजीतून केला आणि परीक्षा दिली मराठीतून. "वळण" आणि "वळा" यांतला एका अक्षराचा फरक घड्याळ चालू असताना निसटतो.

आता सराव का उपयोगी पडला नाही ते. त्या अ‍ॅपवर तिला 15 पैकी 14 मिळतात, मी समोर बसून पाहिलंय. पण तीच चित्रं फिरून फिरून येतात, त्यामुळे ती चित्र दिसताच उत्तर दाबते, पर्याय वाचत नाही. परीक्षेत एकाच प्रश्नाखाली ही भावंडं शेजारी शेजारी असतात. तिथे ओळखीचा चेहरा पुरत नाही. मी सांगितलेला जादा सराव म्हणजे तीच सवय आणखी घट्ट करणं होतं.

दुसरं उदाहरण रुंदीचं. लाल गोलात डावी-उजवीकडून आत येणारे दोन बाण आणि मध्ये आकडा. तिने दोन वेळा "पुढे रस्ता अरुंद" असं उत्तर दिलं होतं. कल्पना वाईट नाही, बाण खरंच दाबल्यासारखे दिसतात. पण अरुंद रस्त्याची सूचना त्रिकोणात येते. हा गोल आहे, म्हणजे मर्यादा: एवढ्यापेक्षा रुंद गाडी पुढे नेऊ नका. बाण वर-खाली असले तर तीच मर्यादा उंचीची. अंगठा ठेवून विचारलं तेव्हा हे तिने स्वतःच सांगितलं.

या युक्तीलाही खोट आहे, ती लपवत नाही. पार्किंग मनाईचं चिन्ह निळ्या पार्श्वभूमीचं असतं आणि त्याला लाल कडं असतं. "निळं म्हणजे करा" एवढंच पाठ केलं की इथे हमखास फसायला होतं. काठाचा रंग आधी बघायचा, आतला नंतर. त्याच निळ्यावर एक लाल पट्टी असेल तर पार्किंग नाही, फुली असेल तर थांबायलाही नाही. प्रवेश बंदला तर तिरकी पट्टीच नसते, भरीव लाल तबकडीवर आडवी पांढरी पट्टी असते. ही दोन-चार पाठच करावी लागतात. (गावातल्या फलकांकडे बघून शिकायला मी कुणाला सांगत नाही. निम्म्यांवर वाढदिवसाचे बॅनर असतात.)

शनिवारी सुरुवातीला 20 पैकी 11 कार्डं बरोबर आली. तासाभराने, कार्डं पिसून, 17. राहिलेल्या तिनांत दोन पार्किंग आणि थांबण्याचीच होती. बुधवारी संध्याकाळी पुन्हा बसवतोय, या वेळी अ‍ॅप बंद आणि पर्याय मराठीत, माझ्या हाताने लिहिलेले. त्यात भावंडं मुद्दाम शेजारी ठेवणार. पहिल्याच फेरीत 18 आली तरच चौथ्या परीक्षेची तारीख घेऊ. त्या फेरपरीक्षेची फी स्कूल भरेल, कारण तिसरी परीक्षा माझ्या सल्ल्यापायी वाया गेली.

एवढ्यावरही नाव काढायचं असेल तर गाडीच्या तासांचे पूर्ण पैसे परत देतो. एकही तास झालेला नाही, त्यामुळे कापायला काही नाही. पावती घेऊन कुठल्याही दिवशी 11 नंतर या.